मामांचं कपाट आणि उसनं गेलेलं पुस्तक

माझ्या नवऱ्याच्या मामांची पंचाहत्तरी तीन आठवड्यांवर आली आहे. ते नाशिकला असतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि प्रचंड वाचतात. हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट भरून पुस्तकं आहेत, त्यात जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या दिसल्या. माझ्या लग्नाला दीडच वर्ष झालंय, त्यामुळे त्यांची आवड मला ठाऊक नाही. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "ते काय, सगळंच वाचतात. गोडसे भटजींचं ते प्रवासाचं पुस्तक कुणीतरी नेलं, त्यावरून अजून कुरकुर चालू असते." हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते. पाच-सहा चांगल्या पुस्तकांची यादी द्याल का?
– एक सूनबाई, पुणे

यादी देत नाही, कारण मामींनी बोलता बोलता तुम्हाला पुस्तकाचं नावच सांगून टाकलंय आणि ते तुमच्या नजरेतून सुटलंय.

आधी यादीचा धोका सांगतो. भरपूर वाचणाऱ्या माणसाला भेट दिलेलं पुस्तक आवडलं नाही असं तुलनेनं कमी घडतं. जास्त वेळा ते त्याच्याकडे आधीच असतं. 'प्रत्येक मराठी माणसाकडे असावीत' अशा पुस्तकांची यादी कुणीही केली तरी त्यातली निम्मी पुस्तकं पंचाहत्तरीच्या वाचकानं तरुणपणीच वाचलेली असणार आणि उरलेली कुणी ना कुणी त्यांच्या निरोप समारंभात दिलेली असणार. त्यातून समारंभ पंचाहत्तरीचा. तुमच्यासारखे आणखी दहा नातेवाईक त्याच आठवड्यात दुकानात जाऊन 'वाचणाऱ्या माणसाला काहीतरी चांगलं द्या' म्हणणार आहेत आणि दुकानदार त्या सगळ्यांना समोरच्या टेबलावरचीच चार पुस्तकं दाखवणार आहे.

उसनं गेलेलं आणि परत न आलेलं पुस्तक या सगळ्यातून सुटतं. ते मामांना आवडतं हे सिद्ध झालेलं आहे, नाहीतर एवढ्या वर्षांनी कुरकुर कशाला केली असती? ते आता त्यांच्याकडे नाही. आणि दुसरा कुणी ते आणणार नाही, कारण ती कुरकुर फक्त घरातल्यांनाच ऐकू येते. आवड ठाऊक नसलेल्या कुठल्याही वाचकासाठी शोध इथूनच सुरू करावा. घरच्या माणसाला 'त्यांना काय आवडतं?' असं विचारू नये, त्याचं उत्तर 'सगळंच' असंच येतं. त्याऐवजी 'त्यांचं कुठलं पुस्तक हरवलंय का?' असं विचारावं. नेमकं विचारलं की माणसं नेमकं सांगतात.

आता खरेदीच्या आधी मामींकडून तीन गोष्टी पक्क्या करा. एक, मामांनी ते पुस्तक मध्यंतरी पुन्हा विकत घेतलं नाही ना? कुरकुर हा सवयीचा भाग असतो, पुस्तक मिळालं तरी ती चालू राहू शकते. दोन, मामा ते पुस्तक हल्ली वाचनालयातून आणून वाचतात का? आणत असतील तर उत्तमच, ते पुन्हा पुन्हा वाचायचं पुस्तक आहे हे कळलं. तीन, गेलेली प्रत कशी होती? जुनी कापडी बांधणीची की साधी, जाड की पातळ, केव्हा घेतलेली? मामींना हे नक्की आठवेल असं नाही, पण 'बदली झाली तेव्हा घेतलं होतं' एवढं कळलं तरी ती प्रत साधारण कोणत्या काळातली हे समजतं.

हे का विचारायचं, तर या पुस्तकाच्या बाबतीत आवृत्तीनं फार फरक पडतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि परतल्यावर कित्येक वर्षांनी त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली. ती चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापली, पण काही मजकूर गाळून आणि काही ठिकाणी हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या संहिता आहेत. शिवाय आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि गोडसे भटजींचा तो केव्हाच संपला आहे. त्यामुळे हे पुस्तक कुणीही छापू शकतं. बाजारात त्याच्या चांगल्या प्रती मिळतात, तशा घाईनं टाइप करून मुद्रितशोधन न करता काढलेल्याही मिळू शकतात, आणि 'सोप्या मराठीत', 'संक्षिप्त' असं बारीक अक्षरात लिहिलेल्याही. मामांसारख्या माणसाला सोपं केलेलं गोडसे भटजी देणं म्हणजे पुरणपोळीच्या जागी पुरणपोळीच्या चवीचं बिस्कीट देणं.

मामांकडची प्रत जुनी असेल आणि कोणती ते कळत नसेल, तर मूळ हस्तलिखितावर आधारलेली, टिपा असलेली आवृत्ती घ्या. त्यांनी आधी वैद्यांची वाचली असेल, तर ओळखीच्या पुस्तकात न वाचलेला मजकूर सापडेल. आधी हीच वाचली असेल, तरी गेलेलं पुस्तक परत आलं एवढं पुरे आहे.

दुकानात ही आवृत्ती ओळखायची कशी? मुखपृष्ठावर विसंबू नका, त्यावर झाशीच्या राणीचं चित्र असलं-नसलं यावरून काही कळत नाही. शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा, ज्यावर प्रकाशक, आवृत्तीचं साल, मुद्रक आणि किंमत असते. तिथे किंवा शीर्षकपानावर संपादकाचं नाव आहे का ते पहा. मग प्रस्तावना चाळा. जबाबदारीनं काढलेल्या आवृत्तीत संहिता कुठून घेतली हे पहिल्या दोन-तीन पानांत सांगितलेलं असतं. संपादकाचं नाव नाही आणि प्रस्तावनेत फक्त १८५७ च्या शौर्यगाथा आहेत, अशी प्रत खाली ठेवा. त्यानंतर मधलंच एखादं पान वाचा. भाषा एकोणिसाव्या शतकातल्या भिक्षुकाची, थोडी अडखळवणारी लागली तर मूळ मजकूर आहे. वर्तमानपत्रासारखी गुळगुळीत लागली तर कुणीतरी ती बदलली आहे. दोन आवृत्त्या हाताशी असतील तर एकच प्रसंग, उदाहरणार्थ झाशीत इंग्रज शिरले तो दिवस, दोन्हीकडे काढून शेजारी शेजारी वाचा. पाच मिनिटांत कळतं.

पुण्यात आहात तर अप्पा बळवंत चौकातली दुकानं आहेतच, पण आधी फोन करून प्रकाशक आणि संपादक यांच्या नावानं मागणी सांगा. नुसतं 'माझा प्रवास आहे का?' विचारलंत तर हाताला लागेल ती प्रत काढून ठेवतील. हवी ती आवृत्ती सध्या छापील नसेल तर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे विचारा. जुनी प्रत भेट देण्यात कमीपणा काहीच नाही, मात्र तिला वाळवी लागलेली नाही ना, पानं ठिसूळ झाली नाहीत ना आणि आत वाचनालयाचा शिक्का नाही ना, हे पाहून घ्या. पानाचा कोपरा हलकेच दुमडून सोडा. तो दुमडल्या जागी तुटला तर ते पुस्तक नुसतं जपून ठेवण्यापुरतं उरलं आहे, वाचण्याजोगं नाही.

आता प्रत्यक्ष प्रत तपासणं. पंचाहत्तरीच्या डोळ्यांसाठी अक्षराचा आकार हा विषयाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि भेट देणारे नेमकं हेच पाहत नाहीत. नेहमीच्या डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर ओळी मोजा. पंचवीस-सव्वीस ते तीस असतील तर चष्म्यानं आरामात वाचता येतं. चौतीसच्या पुढे गेल्या तर प्रकाशकानं कागद वाचवला आहे आणि त्याचा त्रास मामांच्या डोळ्यांना होणार आहे. टिपांचं अक्षर नेहमी बारीक असतं, तेही पहा, कारण असल्या पुस्तकात अर्धी मजा टिपांत असते. कागद फार पांढराशुभ्र आणि चकचकीत असेल तर दिव्याखाली तो चमकतो. किंचित पिवळसर, खरखरीत कागद बरा. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. एक पान एकटं उचलून उजेडासमोर धरलं की लक्षात येतं.

वजनाचाही विचार करा. डेमी आकाराचं तीनशे पानांचं पुस्तक साध्या कागदावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, सहाशे पानांचं त्याच्या दुपटीला टेकतं. रात्री उताणं झोपून वाचणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. कपाटातल्या जाडजूड कादंबऱ्या पाहून तुम्हालाही तसलंच काहीतरी जाड घ्यावंसं वाटेल, पण त्या मामांनी चाळिशीत वाचलेल्या आहेत.

बांधणी पाहायची तर पुस्तक मिटून वरच्या बाजूनं पाठीजवळ नजर टाका. पानांचे छोटे छोटे घडीचे गठ्ठे दिसले तर शिलाई आहे. सगळी पानं सुटी आणि सरळ डिंकात बसलेली दिसली तर ती चिकटवलेली आहेत. चिकटवलेलं पुस्तक वाईट नसतं, पण ते उघडून मांडीवर सपाट ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या हातात पाठ मधोमध तडकते आणि पानं सुटू लागतात. दोन्ही प्रकारच्या प्रती मिळत असतील तर शिलाईची घ्या, पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी.

आणि दुकानातच पूर्ण पुस्तक एकदा अंगठ्यानं सरकवून पहा. पुस्तक साधारणपणे सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं. बांधणाऱ्याकडून एखादा फर्मा राहून जातो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. तसं झालं की पान ९६ नंतर एकदम ११३ येतं, किंवा ८१ ते ९६ पुन्हा सुरू होतात. छपाईत मधली दोन पानं कोरी राहतात, तेही घडतं. भेट मिळालेल्या पुस्तकात असा दोष निघाला तर घेणारा संकोचानं देणाऱ्याला सांगत नाही आणि पुस्तक अर्ध्यावर अडून राहतं. वर प्लॅस्टिकचं वेष्टन असेल तर विकत घेऊन तिथेच फोडा आणि पहा, घरी जाऊन नको.

आता समजा, मामींनी सांगितलं की ते पुस्तक मामांनी गेल्याच वर्षी परत घेतलं. मग कपाटाकडे वळावं लागेल, पण हॉलमधल्या कपाटाकडे नाही. काचेच्या कपाटातली पुस्तकं बहुधा दोन प्रकारची असतात: कधीकाळी हौसेनं घेतलेली, आणि सत्कारांत मिळालेली. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या कपाटात दुसरा प्रकार भरपूर असतो. माणूस हल्ली काय वाचतो ते पलंगाशेजारी, टीपॉयच्या खालच्या कप्प्यात, टीव्हीशेजारी पालथं घातलेलं असतं. मामींना तिथला फोटो पाठवायला सांगा. फोटो पुस्तकांच्या पाठी वाचता येतील इतक्या जवळून घ्यायला सांगा, नाहीतर तुम्हाला फक्त रंग दिसतील.

फोटोत काय पाहायचं? ज्यांच्या पाठीवर उभ्या सुरकुत्या आहेत, कोपरे मऊ झालेत, आत बसचं तिकीट किंवा बिल खुणेला घातलंय, ती वाचलेली पुस्तकं. पाठ कोरी करकरीत असेल तर ते पुस्तक मिळालेलं आहे, वाचलेलं नाही. त्या प्रकारचं दुसरं नेऊ नका. वाचनालयाचं पुस्तक दिसलं तर ती फार उपयोगी खूण आहे. वाचनालयाचा सभासद असलेला माणूस एकदा वाचून संपणाऱ्या कादंबऱ्या तिथून आणतो आणि पैसे फक्त पुन्हा उघडावीशी वाटणारी पुस्तकं घ्यायला खर्च करतो. अशा माणसाला रहस्यकथा किंवा नवी गाजलेली कादंबरी देण्यात अर्थ नाही, ती त्याला दोन महिन्यांत फुकट मिळणार असते. त्याला पत्रसंग्रह, व्यक्तिचित्रं, जुनी प्रवासवर्णनं, लेखसंग्रह असं काहीतरी द्यावं, ज्यातला आठ-दहा पानांचा तुकडा कुठूनही उघडून वाचता येतो.

इथे गोडसे भटजींचा पुन्हा उपयोग होतो. पुस्तक मामांकडे परत आलेलं असलं तरी त्यांचं कुतूहल कुठे आहे हे त्यातून कळतं. मात्र त्यावरून झाशीच्या राणीवरची कादंबरी घ्यायची घाई करू नका. या पुस्तकात इतिहासाइतकीच ओढ एका साध्या माणसाच्या नजरेची आहे. दक्षिणा मिळवायला निघालेला भिक्षुक मोठ्या घडामोडीत अडकतो, आणि काय खाल्लं, कुठे मुक्काम केला, किती पैसे गेले ते सांगत राहतो. म्हणून दुसरं पुस्तक शोधताना राजे आणि सेनापती बाजूला ठेवून रोजनिशा, आत्मकथनं, जुन्या काळच्या सामान्य माणसांनी लिहिलेले प्रवास पहा. कादंबरीच हवी असेल तर नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' या दिशेला बसते, ती बखरीच्या ढंगात अशाच एका मधल्या माणसाच्या तोंडून अठराव्या शतकाची हकीकत सांगते. दुकानदाराला 'ऐतिहासिक दाखवा' म्हणाल तर छत्रपतींपासून पेशव्यांपर्यंतच्या कादंबऱ्यांचा ढीग समोर येईल. 'ज्यांना गोडसे भटजी आवडतं अशा माणसासाठी दाखवा' म्हणा. जाणता विक्रेता त्यावर लगेच दोन-तीन नावं सांगतो. त्याला काहीच सुचलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

त्यातही निवड अडली तर जे पुस्तक गेल्या वर्षभरात पहिल्यांदा आलंय ते घ्या. शीर्षकपानाच्या मागच्याच पानावर 'पहिली आवृत्ती' आणि साल दिलेलं असतं. खाली पाच पुनर्मुद्रणांची रांग असेल तर ते मामांपर्यंत पोचलेलं असण्याची शक्यता तितकीच वाढते.

टाळायची पुस्तकं थोडक्यात सांगतो. अनेक खंडांतला एकच खंड नको. मामा इंग्रजी वाचत असतील तर इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद नको, ते मूळच वाचणं पसंत करतील. आणि आनंदी वार्धक्य, सांधेदुखी, मनःशांती यांवरचं काहीही नको. पंचाहत्तरीला असली तीन तरी येतातच आणि ती सगळी काचेच्या कपाटात जातात.

हजार रुपयांत बहुधा दोन पुस्तकं बसतील, तेव्हा गेलेलं एक आणि नवं एक अशी जोडी करा. नवं चुकलं तरी जुनं बरोबर असणारच आहे. नव्याच्या बाबतीत दुकानदाराला आधीच विचारा की वाढदिवसानंतर आठवड्याभरात बदलून मिळेल का. सवलतीत घेतलेलं काही दुकानं बदलून देत नाहीत, तसं असेल तर दहा टक्के सोडा आणि बदलण्याची सोय घ्या. हो म्हणाले तर बिलावरच तसं लिहून घ्या आणि ते बिल मामींकडे द्या, पुस्तकात ठेवू नका.

बदलून घ्यायचं तर पुस्तक कोरं राहायला हवं, म्हणून नव्या पुस्तकावर काहीच लिहू नका. शुभेच्छा वेगळ्या कार्डावर लिहून आत ठेवा. दुकानदाराला किमतीवर चिकटपट्टी लावू देऊ नका, ती काढताना मुखपृष्ठाचा रंग निघतो. गोडसे भटजींवर मात्र लिहा, ते परत जाणार नाही. शीर्षकपानावर नको, त्याच्या आधीच्या कोऱ्या पानावर, शाई मागे न उमटणाऱ्या बॉलपेननं. मोठा मजकूर नको. तुमची दोघांची नावं, तारीख, आणि खाली एक ओळ: 'हे पुस्तक कुणालाही उसनं मिळणार नाही.' मामांना ती ओळ पुढे कामाला येईल, कुणी मागायला आलं की पान उघडून दाखवायला.

मामींना फोन मात्र आजच करा, आवृत्ती मागवावी लागली तर आठ-दहा दिवस त्यातच जातील. मामा वाचनालयात जातात ती वेळ विचारून ठेवा, फोटोही त्याच वेळी काढता येतील.